तिसऱ्या मजल्यावरचं तुळशीचं लग्न

आमच्याकडे तुळशीचं लग्न म्हणजे वाईला जायचं, हे ठरलेलं. तिथल्या अंगणात दगडी वृंदावन आहे, सासूबाई आहेत, पिढ्यान्‌पिढ्या घरी येणारे गुरुजी आहेत. आमचं काम फक्त अक्षता टाकायच्या आणि पोहे खायचे. २०२५ च्या दिवाळीत सासूबाई आणि सासरे नणंदेकडे बंगळुरूला गेले आणि भाऊबीज उरकल्यावर फोनवर आईंनी सहज सांगून टाकलं, "यंदा लग्न तुमच्याकडेच लावा. बाळकृष्ण आहे ना तुझ्याकडे?"

बाळकृष्ण होता. लग्नात माहेरून अन्नपूर्णेबरोबर दिलेला, रांगता, पितळेचा, करंगळीएवढा. गॅलरीत प्लॅस्टिकच्या कुंडीत तुळसही होती. बाकी काहीच नव्हतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, घरात नवरा, मी आणि सात वर्षांची मुलगी. हे सगळं पार पडल्यावर लिहायला बसले, कारण तयारी करताना मला हवी होती ती माहिती तुकड्या-तुकड्यांनी मिळाली आणि निम्मी एकमेकींशी जुळत नव्हती.

पहिला प्रश्न तारखेचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारी १ नोव्हेंबरला स्मार्त एकादशी, रविवारी २ नोव्हेंबरला भागवत एकादशी आणि त्याच रविवारी 'तुलसी विवाहारंभ'. बुधवारी ५ तारखेला पौर्णिमेला समाप्ती. म्हणजे एकाच चौकोनात उपास आणि लग्न! मला वाटलं छपाईत काही गोंधळ झाला असेल. तसं नव्हतं.

एकादशी रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास संपत होती, म्हणजे सूर्योदयाला ती होती, म्हणून रविवार एकादशीचा. तिच्यामागून लागलेली द्वादशी सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास, सूर्य उगवायच्या आधीच संपली. तिला कुठलाच सूर्योदय मिळाला नाही, म्हणजे द्वादशीचा क्षय. पण रविवारच्या संध्याकाळी द्वादशीच चालू होती आणि तुळशीचं लग्न संध्याकाळी लागतं, म्हणून आरंभ रविवारी. एवढं कळल्यावर कॅलेंडर अगदी बरोबर होतं.

मग आम्ही रविवारी लावायचं का? सासरी वारकरी परंपरा, त्यामुळे आमची एकादशी भागवत, म्हणजे रविवारची. घरात उपास असताना लग्नाचा नैवेद्य दाखवायचा आणि आपण साबुदाणा खायचा, हे मला जमेना. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं. आपल्या वाईला नाही का, गुरुजींना वेळ होईल तसं लावतात?" नंतर 'धर्मसिंधु'चं मराठी भाषांतर चाळलं. त्यातही एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणताही दिवस दिला आहे, आणि रूढी सांगितली आहे ती पारण्याच्या दिवशी, रात्रीच्या पहिल्या भागात. रविवारी उपास करणाऱ्यांचं पारणं सोमवारी. म्हणून ३ नोव्हेंबर, सोमवार, त्रयोदशी असं ठरवलं. रविवार खरेदीला आणि गेरू वाळवायला मोकळा मिळाला, हा वरचा फायदा.

हे लग्न नेमकं याच दिवसांत का, ते मुलीला सांगताना माझंही डोकं साफ झालं. आषाढी एकादशीला, म्हणजे २०२५ मध्ये ६ जुलैला, विष्णू झोपतात. तिथून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. देव झोपलेले म्हणून या काळात लग्नमुंजी नाहीत. कार्तिकीला देव उठतात आणि उठल्यावर पहिलं लग्न त्यांचं स्वतःचं, तुळशीशी. ते झालं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू. आमच्या हॉलवाल्या ओळखीच्यांचा हंगामही इथूनच चालू होतो. दिवाळीही खरी संपते ती इथे. आकाशकंदील पौर्णिमेपर्यंत काढायचा नाही, चार फुलबाज्या आणि थोडा फराळ लग्नासाठी राखून ठेवायचा, हा सासरचा नियम मला लग्नानंतर कळला. माहेरी भाऊबीज झाली की डबे रिकामे!

मुलीने जालंधर आणि वृंदेची गोष्ट ऐकल्यावर जो प्रश्न विचारला तो सांगायला हवा. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे जालंधराला कुणी मारू शकत नव्हतं. विष्णूंनी जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं, जालंधर मारला गेला. वृंदेने विष्णूला दगड होण्याचा शाप दिला, तोच शाळिग्राम, आणि ती स्वतः पुढे तुळस झाली. मुलगी म्हणाली, "मग ती त्याच्याशीच लग्न का करते?" मी म्हटलं, तो दरवर्षी तिच्या दारात येतो, ती त्याच्या दारात जात नाही, एवढं बघ. तिचं समाधान झालं की नाही माहीत नाही. माझं फारसं झालेलं नाही.

गुरुजींचा शोध लवकर संपला. पुण्यातल्या ज्या दोघांचे नंबर मिळाले, त्यांची या चारही संध्याकाळची लग्नं ओळीने लागलेली होती. एकांनी रात्री साडेनऊची वेळ देऊ केली, दक्षिणा अकराशे. मुलीची शाळा सकाळी सातला. नको म्हटलं. तुम्हाला गुरुजी हवेच असतील तर दिवाळीच्या आधीच बोलून ठेवा, आणि आरंभाचा दिवस न धरता मधला एखादा मागा, म्हणजे संध्याकाळची वेळ मिळते. आमचं मात्र ठरलं, घरच्या घरी करायचं.

आता तुळस. दिवाळीनंतरची तुळस म्हणजे मंजिऱ्यांनी भरलेली, खालून पानं गळालेली, अशी असते. आमचीही तशीच. नवीन आणावी का, असं मनात आलं होतं. आईंनी साफ नाही म्हटलं. कन्यादानाचं वाक्यच असं आहे, की मी वाढवलेली, यथाशक्ती नटवलेली ही तुळस दामोदराला देतो. काल नर्सरीतून आणलेल्या रोपाचं कन्यादान कसलं करणार? मग शुक्रवारी ३१ तारखेला सकाळी मी वाळक्या मंजिऱ्या खुडल्या, पिवळी पानं काढली, वरचे दोन इंच माती हलकी केली. वाळलेल्या मंजिऱ्या काढायच्या त्या फक्त रोप नीट दिसावं म्हणून नव्हे. त्या कागदासारख्या पेटतात आणि लग्नात निरांजन अगदी जवळून फिरतं.

त्याच वेळी नैवेद्यापुरती पानंही तोडून ठेवली. एकादशी, द्वादशी, रविवार या दिवशी तुळस तोडत नाहीत, सूर्यास्तानंतर तर कधीच नाही, आणि आमच्याकडे शनिवार-रविवार हे सगळं एकत्र आलं होतं. तुळस शिळी होत नाही असं मानतात, म्हणून आधी तोडलेली चालते. ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली, सोमवारी टवटवीत होती. सोमवारी तोडता आली असती म्हणा, पण रविवारच्या नैवेद्यालाही पान लागलंच.

वृंदावन करायचं होतं. गेरू प्लॅस्टिकवर बसत नाही, वाळला की पोपडे निघतात. त्याला मातीचाच पृष्ठभाग लागतो. पण लग्नाच्या तोंडावर तुळस दुसऱ्या कुंडीत लावली तर ती चार-पाच दिवस मान टाकून बसते, आणि तेच चार-पाच दिवस आपल्याला हवे असतात. म्हणून मातीची मोठी कुंडी आणली आणि आपली प्लॅस्टिकची कुंडी आहे तशी तिच्या आत ठेवली. मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या कोंबल्या. बाहेरून कुणाला कळत नाही. कुंडी घेताना आतला व्यास मोजून घ्या. दुकानदार जो इंच सांगतो तो बहुतेक बाहेरच्या कडेचा असतो.

गेरूची पूड पाण्यात ताकाइतपत कालवली, रविवारी दुपारी ब्रशने दोन हात दिले. पहिला हात पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर दुसऱ्या हातात पहिला निघून येतो. वाळल्यावर चुन्याऐवजी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने मुलीने वर ठिपके काढले, आणि मी समोर 'राधा-दामोदर प्रसन्न' लिहिलं. वाईच्या वृंदावनावर तेच लिहितात. गेरू हाताला आणि कपड्याला लागतो, हे लक्षात ठेवून पाटाखाली जुनी चादर घातली. भाड्याच्या घराची फरशी पांढरी आहे!

खरेदी रविवारी सकाळी मंडईत केली. बाहेर उसाच्या मोळ्या लावलेल्या असतात. ऊस हा तुळशीचा मामा, लग्नात तिच्या पाठीशी उभा राहतो. पुरा ऊस सहा-सात फुटांचा, रिक्षात आडवा मावत नाही आणि गॅलरीच्या छताला लागतो. विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "कितव्या मजल्यावर?" मी तिसऱ्या म्हटल्यावर त्यांनी खालून दोन पेरं कोयत्याने उडवून दिली आणि वरचं वाढं तसंच ठेवलं. कापून घ्यायचा असेल तर खालूनच. वाढ्याशिवाय ऊस नुसता दांडा दिसतो. चार उसांचे १०० रुपये झाले.

तिथेच 'तुळशीच्या लग्नाचा सेट' मिळतो. हिरव्या चिमुकल्या बांगड्या, काळी पोत, फणी, करंडा, छोट्या मुंडावळ्या, एका प्लॅस्टिकच्या पुडीत ८० रुपयांना. मुंडावळ्या बाहुलीच्या मापाच्या असतात, करंगळीएवढ्या बाळकृष्णाला त्याही मोठ्या. मी त्याच्यासाठी शेवंतीच्या पाकळ्या दोऱ्यात ओवून घरीच केल्या. आवळे भरपूर होते, हिरव्या चिंचा मिळाल्या, शिंगाडे मिळाले. बोरं मात्र अजून आली नव्हती म्हणायला हरकत नाही, एका पाटीत मूठभर होती, ती महाग असूनही घेतली. चिंच, बोर, आवळा ही नव्या हंगामाची फळं, लग्नात तुळशीजवळ ठेवतात, आणि जुन्या घरांतून तोवर ती खातही नाहीत.

सगळा खर्च सांगते, कारण मला तोच कुणी सांगत नव्हतं. मातीची कुंडी १८०, गेरू ३०, ऊस १००, सेट ८०, खण ६०, फळं १००, हार आणि सुटी फुलं १५०, पेढे २५०. साडेनऊशे रुपये. नारळ, तांदूळ, सुपाऱ्या, हळदकुंकू घरात होतं. यातली कुंडी पुढल्या वर्षी लागणार नाही.

एक काम कागदोपत्री होतं. आमच्या सोसायटीत पॅसेजमध्ये दिवे आणि रांगोळीला मनाई आहे, मागे कुणाचा तरी पडदा पेटला होता. मी सेक्रेटरींना शनिवारीच मेसेज केला, की सोमवारी सव्वासहा ते साडेसात आमच्या घरात आठ-दहा माणसं असतील, दिवे सगळे गॅलरीत, फुलबाज्या खाली मोकळ्या जागेत, रात्री आठच्या आत. 'ठीक आहे, बादलीभर पाणी ठेवा' असं उत्तर आलं. भाड्याने राहत असाल तर हा मेसेज जरूर करा. नंतर कुणी तक्रार केली तर तो दाखवता येतो.

सोमवारी नवरा साडेचारला ऑफिसातून निघाला. मी दुपारीच गॅलरी धुवून घेतली. उसांचा मांडव दोन-दोन असा दोन बाजूंनी उभा केला, खाली रेलिंगला सुतळीने दोन ठिकाणी आवळला आणि वरची वाढी एकमेकांत अडकवून बांधली. एकाच ठिकाणी बांधलं तर वाऱ्याने ऊस फिरतो आणि थेट कुंडीवर येतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली गेला तर विचारूच नका.

तुळशीला नटवताना एक गोष्ट सांभाळायची. तिचं खोड पेन्सिलीएवढं असतं. त्यावर खण, पोत, हार, बांगड्या सगळं चढवलं की ते वाकतं, आणि कधी फांदीच्या बेचक्यात चिरतं. मी कुंडीत मागच्या बाजूला एक वेताची काठी रोवली. पोत, बांगड्या, हार सगळं काठीला. खण कुंडीच्या गळ्याशी निऱ्या करून बांधला. मुंडावळी तेवढी शेंड्याच्या जवळ, सैल. समोरून बघणाऱ्याला सगळं तुळशीच्याच अंगावर दिसतं.

पाणी आणि पंचामृताचंही तसंच. दूध, दही, मध, साखर कुंडीत ओतलं की मातीला वास येतो, मुंग्या लागतात आणि आठवड्याभरात मुळं कुजायला लागतात. कुंकवाचे ढीग घातले तर तेही वाईटच. आम्ही बाळकृष्णाला ताम्हनात पंचामृताने न्हाऊ घातलं, आणि तुळशीवर फुलाने नुसतं पाणी शिंपडलं. हळदकुंकू कुंडीला लावलं, मातीत नाही. तुळस मेली तर पुढच्या वर्षी कन्यादान कुणाचं करायचं?

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या, वरच्या मजल्यावरची माझ्याच वयाची गोव्याची मैत्रीण आली, तिचे दोन मुलगे आले. काकू एकट्या राहतात, काका जाऊन सहा वर्षं झाली. दारातच हळूच म्हणाल्या, "मी मागे बसते हं." मी त्यांच्या हातात बाळकृष्ण दिला आणि म्हटलं, "काकू, तुम्ही वरपक्ष. वराकडचं कुणीच नाहीये." आईंना व्हिडिओ कॉलवर ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, "मग विहीणबाई, मानपान काय काय पाहिजे?" काकू म्हणाल्या, "पेढे चांगले पाहिजेत." त्यावरून मागे बसायचा विषय संपला.

सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. सव्वासहाला बसलो. आधी सुपारीवर गणपती. मग संकल्प. तो वहीत आधी लिहून ठेवला होता, कारण त्यात दिवसाचा पूर्ण पत्ता लागतो: शके १९४७, विश्वावसू नाम संवत्सर, दक्षिणायन, शरद ऋतू, कार्तिक मास, शुक्ल पक्ष, त्रयोदशी, सोमवार. हे सगळं पंचांगाच्या त्या दिवसाच्या पानावर असतं, फक्त ओळीने उतरवायचं. पुढे मराठीतच म्हटलं, आमच्या घराच्या क्षेमासाठी तुळशी-दामोदराचा विवाह यथाशक्ती करतो आहोत. मग देवाला उठवायचं. आईंनी तिकडून श्लोक म्हटला, आम्ही मागे म्हटला:

उत्तिष्ठोत्तिष्ठ गोविंद त्यज निद्रां जगत्पते ।
त्वयि सुप्ते जगन्नाथ जगत्सुप्तं भवेदिदम् ॥

मुलीने घंटा इतकी वाजवली की देवाला उठण्यावाचून पर्याय नव्हता.

तुळशीची आणि बाळकृष्णाची पूजा झाल्यावर अंतरपाट. वेगळा अंतरपाट नव्हता, नवऱ्याच्या उपरण्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. मैत्रिणीच्या मुलांनी दोन टोकं धरली. काकू पाटावर बाळकृष्ण घेऊन एका बाजूला, तुळस दुसऱ्या बाजूला. इथे एक अडचण येते ती उंचीची. नवरदेव करंगळीएवढा आणि नवरी दीड फुटाची. काकूंना बाळकृष्ण छातीशी धरून उभं राहायला सांगितलं आणि कुंडी खाली पाटावर ठेवली, तेव्हा कुठे दोघं समोरासमोर आली.

मंगलाष्टकं नवऱ्याने म्हटली. त्याला सूर नाही, पण आईंनी आदल्या रात्री एक युक्ती सांगितली होती. ही बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात, ओळीत एकोणीस अक्षरं, आणि बाराव्या अक्षरावर थांबायचं. 'स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं' इथे श्वास, मग 'मोरेश्वरं सिद्धिदम्'. एवढं पाळलं की चाल आपोआप येते. आम्ही आठ म्हटली नाहीत. तीन म्हटली, शेवटी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव'. मोबाईलवर लावायची सोय आहे, पण तिथे आठ-दहा मिनिटं गायन चालतं, अक्षता कधी टाकायच्या ते मुलांना कळत नाही, आणि मूठ आधीच रिकामी होते. स्वतः म्हटलं की प्रत्येक 'सावधान'ला नवरा सगळ्यांकडे बघायचा आणि मग अक्षता पडायच्या. अक्षता थोडंच कुंकू लावून, कोरड्या. ओल्या अक्षता पानांना चिकटून राहतात आणि दोन दिवसांनी तिथे काळे डाग पडतात.

शेवटच्या सावधानला अंतरपाट उत्तरेकडे ओढून घेतला, काकूंनी बाळकृष्ण कुंडीत तुळशीच्या पायाशी एका छोट्या वाटीवर ठेवला, मी दोघांना मिळून एक हार घातला. मग कन्यादान. आम्ही दोघं शेजारी, त्याची ओंजळ, त्यावर मी पळीने पाणी सोडलं, ते ताम्हनात. 'मया संवर्धितां यथाशक्त्यलंकृतामिमां तुलसीं देवीं दामोदराय श्रीधराय वराय तुभ्यमहं संप्रददे'. नवरा हे वाचताना मध्येच अडखळला. जोडाक्षरामुळे, असं तो म्हणतो. मुलगी त्याच्या मांडीला टेकून उभी होती.

मी तुळशीची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, चिंचा-आवळे. आरती झाली. निरांजन ओवाळताना मुलांना हाताभर लांब ठेवलं आणि कापूर कुंडीत न लावता ताम्हनात, जमिनीवर लावला. नैवेद्याला दडपे पोहे, राखलेल्या चिवड्या-लाडवांचं ताट, पेढे आणि उसाचे करवे. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे ही व्हडली दिवाळी. तुमची ती धाकटी." तिच्या गावी तुळशीजवळ उसाबरोबर दिंडो म्हणून एक काठी रोवतात, तोच नवरदेव, त्याला चिंचेची आणि आवळ्याची डहाळी बांधतात. मूर्ती नसली तरी लग्न लागतं. ज्यांच्याकडे बाळकृष्ण नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. मराठी घरांतही चित्र किंवा सुपारी ठेवून लग्न लावतात.

पाऊण तासात सगळं झालं. साडेसातला मुलं खाली फुलबाज्या उडवत होती, बादली शेजारी.

सामान लगेच काढलं नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे तिथेच लावले आणि मग गुरुवारी सकाळी मांडव सोडला. ऊस घरात खाल्ला, वाढी खाली गवळ्याच्या म्हशीला दिली. ओटीचा खण आणि नारळ गुरुजींना किंवा सवाष्णीला देतात. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "वरपक्षाकडे जातं ते. विहिणीला दे." खण काकूंकडे गेला.

कुंडीतल्या अक्षता आणि पाकळ्या वेचून काढा, मातीत राहिल्या तर बुरशी धरते. काठीवरचे दोरे कापताना एखादा खोडावर राहिला नाही ना, ते बोटाने चाचपून बघा, कारण खोड जाडावलं की तो आत रुततो. आमच्या तुळशीला आठवड्याभरात खुडल्या जागी नवे धुमारे फुटले. चांगल्या पिकल्या मंजिऱ्या मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, त्यातलं बी उन्हाळ्याच्या शेवटी टाकेन.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत आणि तुळशीचं लग्न २० नोव्हेंबरनंतर येतं. तेव्हा बोरं स्वस्त असतील. सासूबाई वाईलाच असणार आहेत, पण काकूंनी आत्तापासून सांगून ठेवलंय की वरपक्ष या वेळी बँड आणणार आहे.